दीड फूट

नवजाला रात्रभर कोसळून,
महाबळेश्वरला त्याहून जास्त कोसळून,
कालचे ओढे आज पहाटे नद्या होऊन,
आणि एवढ्या सगळ्यांना जायला जागा एकच, कोयना धरणाचा शिवसागर,
जिथे बुडालेल्या गावांवर, त्यांच्या पारांवर, बांधांवर
९८ टीएमसी पाणी आधीच मांडी ठोकून बसलेलं असताना
(सोय १०५ ची आहे, वर पाव, पण तेवढं भरू देऊन
गंमत बघत बसायला हा काही आमच्या घरचा पिंप नाही),
दर तासाला पट्टी वाचत, विजेरी दातांत धरून
भिजून मऊ पडलेल्या वहीत आकडा गिरवत,
मागचा आकडा आणि आत्ताचा, मधलं अंतर वाढतच चाललेलं,
पायथ्याच्या वीजगृहातून खाली जातंय ते नावापुरतं,
बोगद्यांतून पलीकडे पोफळीला जातंय तेही पुरं पडेना,
साताऱ्याहून फोन, पाटणहून फोन, कराडहून फोन,
सगळ्यांचं एकच, कधी आणि किती, कधी आणि किती,
आणि त्यातच ताईचा, सांगलीहून,
आयर्विन पुलाला तीस फूट झालंय रे, चाळीसला आम्हाला उठवतील,
म्हैस वरच्या आळीला नेऊ का, बरं, पण मग सिलिंडर,
बरं, पण सासूबाईंचं लोखंडी कपाट कोण उचलणार,
असं सगळं विचारून एक तेवढं न विचारता,
आणि मीही न सांगता, कारण ऑर्डर यायची होती,
आणि आली की साऱ्या नदीकाठाला एकदमच कळायला हवी,
बहिणीला आधी नाही, असं मनाशी घोकत घोकत
तरीही, म्हैस ने तू, आत्ताच ने, एवढं बोलून जाऊन,
फोन ठेवून, चहा तसाच गार करून,
साहेब आले, कागद आला, सहाही दरवाजे, दीड फूट,
सही, वेळ, पुन्हा एकदा आवक तपासून,
भोंगा एकदा, दरी ओलांडून हेळवाकपर्यंत,
भोंगा दोनदा, नदीतली माणसं वर, गुरं वर, मोटारी वर,
भोंगा तिसऱ्यांदा, आता कुणी खाली नाही ना, नाही ना, नाही,
बटणावर अंगठा, मोटर घुमायला लागून,
दोर ताणत, लोखंड कण्हत,
वर्षभर मिटलेली ती फट बोटभर, वीतभर, हातभर होत
सुटलं,
पांढरंफेक सुटलं, सहाही दारांतून सुटलं,
पूल थरथरला, तुषार छपरावर चढले, कुणाचं कुणाला ऐकू येईना,
धावलं पाटणला, धावलं कराडला, कृष्णेत घुसलं,
निघालं ताईच्या दाराकडे, हे पक्कं ठाऊक असून
वहीत वेळ लिहायची राहिली आणि मी कठड्याला धरून
साहेबांच्या देखत ओरडत सुटलो,
गेलं, गेलं, गेलं!