कृतिपत्रिका : १८५७ – घटना एक, अन्वयार्थ अनेक
इयत्ता दहावी, इतिहास. वेळ ४० मिनिटे. गुण ५. प्रश्न : दोन इतिहासकारांनी १८५७ च्या उठावाचा अर्थ वेगवेगळा लावला. त्यांची मते आणि फरकाचे कारण ८० ते १०० शब्दांच्या परिच्छेदात लिहा.

आधी घटना

१० मे १८५७ रोजी मेरठच्या शिपायांनी उठाव केला. दुसऱ्या दिवशी ते दिल्लीत पोहोचले आणि त्यांनी बहादूरशहा जफरला हिंदुस्थानचा बादशहा घोषित केले. कानपूर, लखनौ, झाशी पेटली. सप्टेंबरात दिल्ली पुन्हा इंग्रजांच्या हाती गेली. जून १८५८ मध्ये ग्वाल्हेरला राणी लक्ष्मीबाई धारातीर्थी पडल्या. एवढ्यावर कोणाचा वाद नाही. वाद आहे तो या सगळ्याला म्हणायचे काय, यावर.

फरक कुठून येतो?

‘इंग्रजांनी बंड म्हटले, भारतीयांनी स्वातंत्र्ययुद्ध म्हटले’ हे वाक्य दरवर्षी निम्म्या उत्तरांत सापडते. त्याला गुण मिळत नाहीत, कारण ते खरेच नाही. हा लष्करी उठाव आहे की राष्ट्रीय, असा प्रश्न डिझरायली या इंग्रज नेत्याने जुलै १८५७ मध्ये, लढाई चालू असतानाच, ब्रिटिश पार्लमेंटात विचारला होता. उलट ‘राष्ट्रीय नव्हे’ असे ठामपणे म्हणणारे रमेशचंद्र मजुमदार भारतीय होते. माणूस कुठला, एवढ्यावरून त्याचे मत ठरत नाही. म्हणून प्रत्येक इतिहासकाराबाबत पुढचे चार प्रश्न विचारा आणि उत्तरे वहीत दोन-दोन शब्दांत टिपा.

१. त्याने कधी लिहिले?
२. कोणती साधने वापरली?
३. तो नेमका कोणता प्रश्न सोडवत होता?
४. ‘राष्ट्रीय’, ‘बंड’ अशा शब्दांचा अर्थ तो काय धरतो?

पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे सहज मिळतात, म्हणून मुले तिथेच थांबतात. खरा फरक बहुधा तिसऱ्या आणि चौथ्यात असतो.

नमुना परिच्छेद

१८५७ च्या उठावाचा अर्थ जॉन के आणि वि. दा. सावरकर यांनी वेगवेगळा लावला. के यांनी तो शिपायांचे युद्ध म्हणून मांडला, सावरकरांनी स्वातंत्र्यसमर म्हणून. सावरकरांची बरीच साधने इंग्रजांनीच लिहिलेली होती, त्यांत के यांचा ग्रंथही होता. म्हणजे केवळ साधनांमुळे हा फरक पडलेला नाही. के लंडनच्या इंडिया ऑफिसात अधिकारी होते. कंपनीची फौज का उलटली, हा त्यांचा प्रश्न होता आणि संस्थाने खालसा करण्याच्या धोरणालाही त्यांनी दोष दिला. सावरकरांचा ग्रंथ १९०९ मध्ये, क्रांतिकारी चळवळीच्या काळात प्रसिद्ध झाला. त्यांच्या दृष्टीने काडतुसे हे निमित्त होते, स्वधर्म आणि स्वराज्य ही मूळ प्रेरणा होती.

या परिच्छेदाची बांधणी पाहा. पहिल्या वाक्यात घटना आणि दोन नावे आली. मग दोन्ही मते, प्रत्येकी एका वाक्यांशात. उरलेली जागा कारणांना दिली आहे. उठावाची हकिगत मुळीच सांगितलेली नाही. मेरठपासून सुरुवात केली की ६० शब्द तिथेच संपतात आणि कारणांना जागा उरत नाही. कोण बरोबर, हा निकालही दिलेला नाही, कारण तो विचारलेला नाही. आणखी एक : ‘सावरकर देशभक्त होते म्हणून’ असे लिहू नका. त्याने लेखकाची ओळख होते, त्याच्या मांडणीची नाही.

आता तुमची पाळी

सुरेंद्रनाथ सेन आणि रमेशचंद्र मजुमदार. दोघांचेही ग्रंथ १९५७ मध्ये, उठावाच्या शताब्दीला आले. सेन यांच्याकडे लेखनाचे काम भारत सरकारने सोपवले होते. मजुमदारांनी स्वतंत्रपणे लिहिले. पूर्वनियोजित कट होता, हे सेन यांना मान्य नाही. धर्मरक्षणासाठी सुरू झालेला लढा शेवटी स्वातंत्र्ययुद्ध झाला, कारण बंडवाल्यांना परकी सरकार नको होते आणि दिल्लीच्या बादशहाची जुनी सत्ता परत हवी होती, असे ते म्हणतात. मजुमदार पुढाऱ्यांचे हेतू तपासतात. नानासाहेबांना बाजीरावांचे ८ लाखांचे पेन्शन नाकारले गेले होते, झाशी खालसा झाली होती. शिवाय देशाचा मोठा भाग शांत राहिला. म्हणून हे ना पहिले, ना राष्ट्रीय, ना स्वातंत्र्ययुद्ध, असा त्यांचा निष्कर्ष.

दोघांचा काळ एक, साधनेही बरीचशी सारखी. तेव्हा पहिल्या दोन प्रश्नांवर फार वेळ घालवू नका. ‘स्वातंत्र्ययुद्ध’ म्हणायला सेन यांना काय पुरेसे वाटते आणि मजुमदारांना आणखी काय हवे आहे, ते शोधा. टिपणाला १० मिनिटे, लेखनाला २०, तपासायला १०.

गुण असे : दोन्ही मते अचूक २, फरकाचे कारण २, शब्दमर्यादा आणि शुद्धलेखन १. कारण न देता नुसती मते लिहिल्यास ५ पैकी जास्तीत जास्त ३.