व्याख्यानांच्या रेकॉर्डिंगचा अभ्यास करण्यास परवानगी मिळण्याबाबत

बडोदे
दि. ६ ऑक्टोबर २०२५

प्रति,
आदरणीय मॅडम,
मराठी विभाग, कला शाखा

विषय : जुलै ते सप्टेंबर २०२५ मधील आपल्या चौदा तासांच्या रेकॉर्डिंगचा एम.ए.च्या लघुप्रबंधासाठी उपयोग करू देण्याबाबत.

सादर नमस्कार.

मी तृतीय सत्राची विद्यार्थिनी. महानुभाव गद्यावरचे आपले तास जुलैपासून वर्गात फोनवर रेकॉर्ड होत आहेत. लांबून अप-डाउन करणाऱ्यांची गाडी चुकली तर त्यांना तास ऐकता यावा, म्हणून आपण तशी मोकळीक दिली होती. ती ऐकण्यापुरती होती. त्या आवाजातून वाक्यं वेचायची, मोजायची आणि प्रबंधात छापायची हे वेगळं काम आहे. जुन्या परवानगीत ते आपोआप बसतं असं मला वाटत नाही, म्हणून हे पत्र.

विषय सुचला तो 'बापुडा' या शब्दावरून. आपल्याला आठवत असेल, उतारा वाचताना तो शब्द आला आणि गुजराती माध्यमातून आलेली मागच्या बाकांवरची मंडळी गप्प झाली. आपण पुस्तक खाली ठेवून म्हणालात, "अरे, आपला बापडो!" आणि एकदम चार-पाच जणांचं "हां..." आलं. रेकॉर्डिंगमध्ये ते "हां" स्पष्ट ऐकू येतं. तेराव्या शतकातला मराठी शब्द आजच्या मराठीतून उलगडला नाही, तो गुजरातीतून उलगडला. मग मी कान देऊन ऐकू लागले. 'डोळा' सांगताना 'डोळो' आला, आणि व्याकरणाची गोष्ट आली की आपण हटकून इंग्रजी संज्ञेकडे वळता. अर्थ सांगताना शिक्षक कोणत्या क्षणी भाषा बदलतो आणि त्यानंतर वर्ग काय करतो, एवढाच माझा प्रश्न आहे. बडोद्याच्या वर्गात तो जसा विचारता येईल तसा पुण्यात विचारता येणार नाही.

आपण कसं शिकवता, चांगलं की वाईट, यावर प्रबंधात एक ओळही नसेल. तो माझा अधिकार नाही.

काम असं करणार आहे. प्रत्येक रेकॉर्डिंग ऐकून भाषा बदलते तेवढाच भाग मी स्वतः हाताने लिहून काढेन. नमुना म्हणून माझ्याच आवाजातली दहा मिनिटं लिहून पाहिली, तर दीड तास गेला. म्हणून पूर्ण तास उतरवण्याचा मोह आधीच सोडला आहे. ऐकण्यासाठी आणि खुणा करण्यासाठी ईलान नावाचं सॉफ्टवेअर वापरेन. ते लॅपटॉपवरच चालतं, त्यासाठी आवाज इंटरनेटवर चढवावा लागत नाही. आपोआप लिहून देणाऱ्या कुठल्याही वेबसाइटला मी फाइल देणार नाही.

फायली ठेवायच्या कुठे, यावर मार्गदर्शक सरांशी दोनदा बोलणं झालं. चौदा तास, सरासरी पंचावन्न मिनिटांचे, मिळून साधारण दीड जीबी होतात. एक प्रत माझ्या लॅपटॉपवर, पासवर्डशिवाय न उघडणाऱ्या एन्क्रिप्टेड फोल्डरमध्ये राहील. लॅपटॉप घरी धाकटा भाऊही गेम खेळायला घेतो, म्हणून त्याचं खातं वेगळं केलं आहे. दुसरी प्रत तशीच एन्क्रिप्ट करून पेनड्राइव्हवर, आणि तो पेनड्राइव्ह सरांच्या कुलुपाच्या कपाटात. क्लाउडवर काही नाही, फोनवरही काही नाही, कारण फोन आपल्याला न विचारता बॅकअप घेतो. फाइलच्या नावात आपलं किंवा पेपरचं नाव नसेल, फक्त `V07_0923.wav` असा क्रमांक आणि तारीख असेल. वर्गाच्या ग्रुपवर आधीच फिरलेल्या प्रती मात्र माझ्या हातात नाहीत. त्या काढायच्या का, हे आपण वर्गाला सांगावं.

आता सगळ्यात अवघड भाग. मी आपलं नाव काढून 'शिक्षक १' लिहीन, पण नाव काढलं म्हणून आपण ओळखू येणार नाही असं नाही. बडोद्यात महानुभाव गद्य शिकवणारे किती जण आहेत? प्रबंध वाचणारा पहिल्या पानावरच ओळखेल. म्हणून गुप्ततेचं खोटं वचन देण्यापेक्षा हे बरं वाटतं: आपलं जे वाक्य छापायचं असेल ते आधी आपल्याला दाखवेन, आणि आपण खोडाल ते जाईल. कारण विचारणार नाही. मूळ आवाज तोंडी परीक्षेतही ऐकवणार नाही.

वर्गातल्या आवाजांचं वेगळं. आम्ही एकोणीस जण. सोळा जणांनी संमतीपत्रावर सही केली आहे, दोघं गावी गेले आहेत, एकाने नको म्हटलं. त्याचा आवाज जिथे येतो तो तुकडा मी बंद करेन आणि त्याचं बोलणं लिहून घेणार नाही. गावी गेलेल्या दोघांच्या सह्या येईपर्यंत त्यांचंही तसंच.

एक गोष्ट सांगायलाच हवी. २३ सप्टेंबरच्या तासानंतर फोन बंद करायचा राहून गेला. बाहेर गरब्याच्या साउंड टेस्टिंगचा आवाज, आणि त्याच्या आत एक मुलगी आपल्याशी फीच्या अडचणीबद्दल बोलते आहे. ते काय आहे हे कळताच मी थांबवलं, पुढचं ऐकलेलं नाही. ती फाइल ग्रुपवर गेलेली नाही. परवानगी मिळो न मिळो, तो शेवटचा भाग आपल्यासमोर कापून टाकायची माझी इच्छा आहे.

कायद्याचंही थोडं पाहिलं. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात संमती ज्या कामासाठी दिली त्या कामापुरतीच धरतात, आणि ती देणं जितकं सोपं तितकंच परत घेणंही सोपं असावं असं म्हटलं आहे. संशोधनाला त्यात काही सवलत आहे, पण तिच्या आडोशाला उभं राहायची माझी इच्छा नाही. शिवाय आपल्या कॉपीराइट कायद्यात व्याख्यान देणाऱ्याचा समावेश 'परफॉर्मर'मध्ये होतो, म्हणजे गायक-नटांच्या रांगेत. हे वाचून मला हसू आलं, पण बरंही वाटलं.

आपण सगळ्या चौदा तासांना हो म्हणू शकता, काहींनाच म्हणू शकता, किंवा नाही म्हणू शकता. हो म्हणून नंतर मन बदललं तर ३१ जानेवारी २०२६ पर्यंत कधीही सांगावं, त्या तासाचं सगळं काढून टाकेन. त्यानंतर प्रबंध बांधणीला जाईल, म्हणून ही तारीख. निकाल लागल्यावर तीस दिवसांत दोन्ही प्रती पुसेन आणि तसं सरांच्या सहीने आपल्याला लिहून देईन. नावं काढलेले लिखित तुकडे तेवढे माझ्याकडे राहतील.

नकार आला तर विषय बदलायला सरांची तयारी आहे, त्यामुळे माझी अडचण होईल म्हणून आपण हो म्हणू नये.

सोबत संमतीपत्राच्या दोन प्रती आणि लिहून काढलेल्या मजकुराचा एक पानाचा नमुना (माझ्याच आवाजाचा) जोडला आहे. दिवाळीच्या सुट्टीआधी उत्तर मिळालं तर सुट्टीत कामाला बसता येईल. गुरुवारी तासानंतर मी विभागातच असते. २३ तारखेची फाइल तेव्हा घेऊन येऊ का?

आपली विद्यार्थिनी,
मृणाल
एम.ए. (मराठी), तृतीय सत्र