लग्नाची आसनव्यवस्था (अंतिम)

एकूण 66 पाहुणे, 9 गोल टेबलं, प्रत्येकी 8 खुर्च्या. मंचाकडे तोंड करून उभं राहिलं की पुढची रांग डावीकडून 1, 2, 3. मधली 7, 9, 8. मागची 6, 5, 4. मुख्य दार टेबल 1 च्या बाजूला, स्पीकर मंचाच्या दोन्ही टोकांना.

| टेबल | कोण | माणसं | लक्षात ठेवा |
|---|---|---|---|
| 1 | वधूची आजी, आजोबा, मोठे काका-काकू, आत्या आणि तिचे यजमान, आजीच्या मदतनीस ताई | 7 | आजी व्हीलचेअरवर. वाटेकडच्या दोन खुर्च्या काढा |
| 2 | वराचे आजोबा, मोठे आणि धाकटे काका-काकू, मावशी, तिचे यजमान, मावसबहीण | 8 | आजोबांना डाव्या कानाने ऐकू येत नाही. मोठे काका त्यांच्या उजवीकडे |
| 3 | वधूचे थोरले मामा-मामी, मुलगा-सून, मुलगी-जावई, नातू | 7 | नातू एक वर्षाचा, त्याला उंच खुर्ची |
| 4 | वधूची आतेबहीण, यजमान, मुलगा; वराची चुलतबहीण, यजमान; शेजारचे काका-काकू | 7 | शांत कोपरा, खाली पाहा |
| 5 | वराचे मामा-मामी, मामेभाऊ-वहिनी, मामेबहीण, यजमान, मुलगी, मामींची आई | 8 | मुलीला शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी. मामींच्या आईला कमी दिसतं, ताट हातात नेऊन द्या |
| 6 | वधूचे धाकटे मामा-मामी, दोन मुली. मावशी, यजमान, मुलगा | 7 | टेबल 3 पासून लांबच राहू द्या |
| 7 | वधूच्या मैत्रिणी | 8 | एकीला ऐकू येत नाही. तिची खुर्ची मंचाकडे तोंड करून, खुणांची भाषा येणारी समोर |
| 8 | वराचे ऑफिसमधले मित्र | 8 | काही नाही, आवाज तेवढा असणारच |
| 9 | दोघांचे आईवडील, वधूचा भाऊ, वराची बहीण | 6 | हे फारसे बसणारच नाहीत, तरी टेबल कुणाला देऊ नका |

टेबल 4 बद्दल: आतेबहिणीच्या नऊ वर्षांच्या मुलाला मोठा आवाज सहन होत नाही. स्पीकरपासून सगळ्यात लांब आणि बाजूच्या दाराजवळ तेच टेबल आहे, हवं तेव्हा त्याला बाहेर नेता येईल. चुलतबहिणीला आठवा महिना. स्वच्छतागृह तिथून जवळ. शेजारचे काका-काकू मुद्दाम तिथे ठेवलेत, मुलगा त्यांना ओळखतो. रिकामी खुर्ची भरायची नाही, मुलाची बॅग तिच्यावर असेल.

दोन्ही मामांचं बोलणं चार वर्षं बंद आहे. म्हणून 3 आणि 6 समोरासमोरची टोकं. ‘एकाच घरातले ना, एकत्र बसवा’ असं कुणी प्रेमाने सुचवेल. हसून मान हलवा आणि खुर्च्या हलवू नका. मामी मात्र एकमेकींकडे जातील, त्यांना अडवू नका.

शेंगदाण्याची सूचना स्वयंपाकघरात लेखी दिली आहे. तरी वाढणाऱ्याला टेबल 5 ची ती खुर्ची प्रत्यक्ष दाखवा; वाढायचा चमचाही वेगळा.

आयत्या वेळी कुणी वाढलं तर 3 आणि 6 वर एकेक जागा आहे. दोघं एकत्र आले तर 9 वर बसवा आणि मला फोन करा. नावांची कार्डं आदल्या रात्री मीच लावणार आहे.

— वधूचा भाऊ