काश्मीर विलो बॅट, शॉर्ट हँडल, 1180 ग्रॅम (लेदर बॉलसाठी)

लाकूड काश्मीर विलो. इंग्लिश विलोपेक्षा टणक आणि थोडं जड, पण रोजच्या नेटला टिकतं. या बॅटीवर सात सरळ रेषा आहेत, गाठ नाही. फुगवटा मधोमध, त्यामुळे जळगाव-भुसावळकडच्या मॅटिंग विकेटवर उसळणारा चेंडूही नीट बसतो.

दांडा वेताचा. त्यावर मध्यम जाडीची एकच रबरी ग्रिप आहे. हात मोठा असेल तर दुसरी चढवून देतो, मात्र मग मूठ जाड होते आणि मनगटी फटके थोडे अडतात.

साधारण साडेपाच फूट उंचीच्या, शाळा-कॉलेज किंवा तालुका पातळीवर खेळणाऱ्यांसाठी योग्य. बारा वर्षांच्या मुलाला ही घेऊ नका, 6 नंबर बघा. ‘वाढत्या अंगाची’ म्हणून जड बॅट दिली की पोराचा बॅकलिफ्टच बिघडतो.

पहिल्या सामन्याआधी लाकडी हातोडीने पाच-सहा तास ठोकून घ्या. जवसाचं तेल हलक्या हाताने लावा, दांड्याला नको. आणि आपल्याकडचं मे महिन्याचं ऊन! पत्र्याच्या खोलीत किंवा गाडीच्या डिकीत ठेवलेली बॅट वाळून तडकते.

किंमत 2,400 रुपये, कव्हरसह.