११ वॅटचा ब्लूटूथ स्पीकर (खरे ११, सतत मिळणारे), मध्यम आवाजात १० तास, घरी बनवलेला, ३,४५० रुपये

आधीच सांगून टाकतो, ४० वॅट, ६० वॅट, १०० वॅट शोधत आला असाल तर हा आकडा बघून तुम्ही पुढे जाणार, आणि जा, वाईट वाटणार नाही. पण दोन मिनिटं असतील तर वाचा, कारण हाच डबा मी ४० वॅट लिहून विकू शकतो आणि कुणी मला काही बोलणारही नाही.

मी धायरीत राहतो, पुण्यात. दिवसा नोकरी, संध्याकाळी हे. पार्ट बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीतून आणतो, बॉक्स ओळखीच्या सुताराकडून कापून घेतो, सोल्डरिंग आणि टेस्टिंग मी स्वतः. या लॉटमध्ये १४ पीस आहेत, एक घरात ठेवलाय कारण बायकोने सकाळच्या भजनांसाठी तो आधीच ताब्यात घेतला, म्हणजे विकायला १३.

आत काय आहे ते घ्या. ३ इंची दोन फुल रेंज ड्रायव्हर, ४ ओहमचे, मागे एक पॅसिव्ह रेडिएटर. ॲम्प्लिफायर क्लास डी, चिप टीपीए ३११८. बॅटरी १८६५० साइजचे चार सेल, प्रत्येकी २६०० एमएएच, दोन सिरीज दोन पॅरलल, म्हणजे ७.२ व्होल्ट ५२०० एमएएच, गुणाकार केला तर ३७.४ वॅट-अवर. ब्लूटूथ ५.०, एसबीसी आणि एएसी दोन्ही चालतात, ऑक्स इनपुट आहे, एफएम नाही, मेमरी कार्ड नाही, रंगीत लाइट तर अजिबात नाही. बॉक्स ९ एमएम प्लायचा, वरून पॉलिश, २८ बाय १३ बाय १२ सेंमी, वजन साधारण २ किलो.

आता ११ वॅट आले कुठून ते. चिपच्या कागदावर बघाल तर ३० वॅट दर चॅनल लिहिलंय आणि ते खोटं नाही, पण ते २४ व्होल्ट सप्लाय आणि ८ ओहमच्या स्पीकरला. आपल्याकडे बॅटरी ७.२ व्होल्टची. ॲम्प्लिफायर कितीही भारी असला तरी साध्या डिझाइनमध्ये सप्लायच्या वरचा व्होल्टेज तो आणणार कुठून, आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार. म्हणून मी स्पीकरच्या जागी ४ ओहमचा जाड सिमेंट रेझिस्टर लावला, १ किलोहर्ट्झचा टोन दिला, दोन्ही चॅनल एकदम चालू, आणि ऑसिलोस्कोपवर वेव्हचं डोकं कापलं जायला लागण्याच्या आधी थांबलो, म्हणजे डिस्टॉर्शन १ टक्क्याच्या आत. तिथे ४.७ व्होल्ट आरएमएस मिळाले. वर्ग करून ४ ने भागा, साडेपाच वॅट. दोन चॅनलचे ११. अर्धा तास तसंच चालवलं, चिप गरम झाली पण बंद पडली नाही, रेझिस्टरला मात्र चुकून हात लागला आणि चटका बसला तो वेगळा.

हे ११ पण बॅटरी निम्मी असतानाचे आहेत हे लक्षात घ्या. फुल चार्ज असताना पॅक ८.४ व्होल्टचा असतो तेव्हा एका चॅनलला ७.४ वॅटपर्यंत मिळतात, आणि संपत आली की ४.३ च्या आसपास. म्हणून मधला आकडा लिहिलाय. १५ लिहिले असते तर तेही पूर्ण खोटं नव्हतं, फक्त पहिल्या अर्ध्या-पाऊण तासापुरतं खरं होतं.

आता याच डब्याचे ४० वॅट कसे होतात ते बघा, मजा आहे. ११ वॅट १ टक्का डिस्टॉर्शनला, तेच १० टक्के डिस्टॉर्शनपर्यंत ताणलं की साधारण १४ होतात, आवाज तेव्हा फाटलेला असतो पण आकडा वाढतो. मग बॅटरी फुल चार्ज घ्या, १९. मग सरासरी पॉवरऐवजी वेव्हच्या टोकाची घ्या, साइन वेव्हला ती बरोब्बर दुप्पट असते, ३८. छापताना राउंड करून ४०. इथपर्यंत निदान काहीतरी गणित आहे. यापुढे पीएमपीओ नावाचा प्रकार, त्याची मोजायची ठरलेली पद्धतच नाही, मनाला येईल तो आकडा, ४०० लिहा नाहीतर ४०००. जुन्या कॅसेट प्लेअरवर हे स्टिकर असायचं, आठवत असेल, एवढासा प्लास्टिकचा डबा आणि त्यावर हजार वॅटचं सोनेरी स्टिकर.

मी पण फसलोय, म्हणूनच हे सगळं सुरू झालं. ६० वॅट लिहिलेला एक स्पीकर ऑनलाइन घेतला होता, कंपनीचं नाव सांगत नाही, तीन महिन्यांत चार्ज होईना म्हणून उघडला तर आत १२०० एमएएचचा एक सेल आणि ५ व्होल्टवर चालणारी छोटी चिप, जी ४ ओहमला १० टक्के डिस्टॉर्शन धरून ३ वॅट दर चॅनल देते. हिशोब करा, ३.७ व्होल्ट गुणिले १.२ अँपिअर-अवर म्हणजे ४.४४ वॅट-अवर. खरंच ६० वॅट बाहेर पडले असते तर स्पीकर साडेचार मिनिटांत बंद पडला असता. बॉक्सवर मात्र ६० वॅट आणि ८ तास दोन्ही शेजारी शेजारी छापलेलं. दोघांपैकी एक तरी खोटं असणारच ना, इथे दोन्ही निघाले. ही युक्ती कुठलाही स्पीकर घेताना वापरा, बॅटरीचे वॅट-अवर काढा आणि वॅटने भागा. आता गाणं काही सतत फुल पॉवर खात नाही, त्यामुळे उत्तर छापलेल्या तासांपेक्षा कमी आलं तर ठीक, पण मिनिटांत आलं की समजून जा.

तर प्लेटाइम. आवाज किती ठेवणार हे न सांगता तास सांगणं म्हणजे गाडीचं ॲव्हरेज उतारावर मोजणं. मी फोनचा व्हॉल्यूम पूर्ण ठेवला, स्पीकरच्या नॉबवर १ ते १० खुणा आहेत त्याच्याने आवाज कमी-जास्त केला, तीच प्लेलिस्ट पुन्हा पुन्हा लावली, थोडी जुनी गाणी, थोडी भजनं, थोडं ढोलकीवालं. दोन पीस टेस्ट केले आणि त्यातला जो आधी बंद पडला त्याचा टाइम लिहिलाय. नॉब ३ वर, म्हणजे स्वयंपाक करताना शेजारी ठेवून ऐकतो तेवढा, १७ तास ४० मिनिटं. नॉब ६ वर, हॉलमध्ये सगळ्यांना नीट ऐकू जाईल एवढा, १० तास १० मिनिटं. नॉब १० वर फुल, साडेचार तास. आणि वर सांगितलेला टोन सतत ११ वॅटवर चालवला तर २ तास २० मिनिटं, पण तो कुणी ऐकत बसत नाही, शेजारी मारायला येतील.

टायटलमध्ये १० लिहिलेत ते म्हणून. १७ लिहिता आले असते, आणि बाजारात बहुतेक करून तसाच आकडा छापतात, हळू आवाजातला, बारीक अक्षरात स्टार मारून. आणि हे आकडे नव्या बॅटरीचे आहेत. लिथियम सेल वापरून वापरून उतरतो, तीन-चारशे वेळा पूर्ण चार्ज-डिस्चार्ज झाल्यावर १० चे ८ तास धरून चाला. सेल बदलता येतात, मागचं झाकण चार स्क्रूंवर आहे, चिकटवलेलं नाही, पण बदलताना पॅक माझ्याकडेच पाठवा, घरी सेलला सोल्डर करू नका, खरंच नका.

चार्जिंग यूएसबी-सी, ५ व्होल्ट २ अँपिअर, म्हणजे १० वॅट. ३७ वॅट-अवरची बॅटरी १० वॅटने भरायची, वरून लॉस, त्यामुळे शून्यापासून फुल व्हायला साडेपाच तास लागतात. फास्ट चार्जिंग नाही. ६५ वॅटचा चार्जर लावलात तरी १० वॅटच घेणार. ॲडॅप्टर बॉक्समध्ये देत नाही, केबल देतो, घरातला कुठलाही २ अँपिअरचा फोन चार्जर चालेल. चार्जिंगला लावून वाजवता येतो, फक्त फुल आवाजात असेल तर बॅटरी जवळजवळ भरतच नाही, जे येतं ते गाणंच खातं.

आवाज किती मोठा हे लिहून कळत नाही पण प्रयत्न करतो. १० बाय १२ च्या खोलीत नॉब ६ च्या पुढे न्यायची गरज पडत नाही. गच्चीवर दहा-पंधरा जण गप्पा मारत असतील तर पुरतो, हळदीला अंगणात पन्नास माणसं नाचवायची असतील तर पुरणार नाही, आणि मिरवणुकीचा तर विषयच नको. कानाला आवाज दुप्पट वाटायला पॉवर साधारण दहापट लागते, म्हणून ११ आणि १५ वॅटमधला फरक कानाला जेमतेम कळतो, तेवढ्यासाठी जास्त पैसे घालवू नका. बेस ७५ हर्ट्झपर्यंत ठीक, तबल्याचा डग्गा, ढोलकी, बेस गिटार व्यवस्थित येतं, त्याखालचा छातीत धडधडणारा जो बेस तो ३ इंची ड्रायव्हरमधून निघत नाही, कुणी काहीही म्हणो.

बाकी बारीकसारीक. वॉटरप्रूफ नाही, प्लाय आहे, पावसात नेऊ नका. ब्लूटूथ घरात एका भिंतीपलीकडे नीट चालतं, दोन भिंती आल्या की तुटतं. पिक्चर बघताना ओठ आणि आवाज यात थोडा फरक जाणवू शकतो, टीव्हीला लावायचा असेल तर ऑक्स वायर वापरा. कॉल घेता येत नाही, माइक नाही. रंग दोनच, सागवानी आणि काळा, काळ्यावर धूळ दिसते, घरात साफसफाई कोण करतं त्यांना विचारून घ्या.

किंमत ३,४५०, यात कमी-जास्त नाही, कारण सेलच साडेसातशेचे आहेत आणि स्वस्त सेल टाकून ३,००० ला देता येईल पण मग वरचं सगळं पुन्हा लिहावं लागेल. एक वर्ष वॉरंटी बोर्ड आणि ड्रायव्हरला, बॅटरीला सहा महिने. सहा महिन्यांच्या आत नॉब ६ वर ८ तासांच्या खाली आला तर सेल फुकट बदलून देतो, तुम्ही फक्त वेळ लावून टेस्ट करा आणि नॉबचा फोटो पाठवा.

पुण्यात असाल तर संध्याकाळी ७ नंतर घरी येऊन वाजवून बघा, स्वतःची गाणी घेऊन या, हवं तर मल्टिमीटर पण आणा. बाहेरगावी रोडने पाठवतो, आत लिथियम बॅटरी असल्यामुळे विमानाचं कुरिअर वापरत नाही, महाराष्ट्रात तीन ते पाच दिवस, पार्सलचे १५० वेगळे. मिळाल्यापासून सात दिवसांत आवडला नाही तर परत करा, जायचं-यायचं पार्सल तुमचं, स्पीकरचे पूर्ण पैसे परत. मेसेजमध्ये रंग आणि पिनकोड लिहा, फक्त "प्राइस?" लिहू नका, वर लिहिलीय.