तीन पोळ्या, चौघांत
इयत्ता पाचवी, गणित : अपूर्णांक. व्हिडिओची संहिता, साधारण ३ मिनिटे

[दृश्य : वर्ग. टेबलावर स्टीलच्या ताटात चार पोळ्या, वाटीत शेंगदाण्याची चटणी. सई, ओंकार, रेहान आणि पूर्वा टेबलाभोवती उभे.]

बाई : यातली एक पोळी सरावाची. ओंकार, हिचे चार वाटे कर बघू.

[जवळून : ओंकार पोळी भराभर तोडतो. एक तुकडा तळहाताएवढा, एक जेमतेम घासाएवढा.]

बाई : झाले चार. पूर्वा, हा छोटा तुझा.

पूर्वा : नको बाई!

बाई : का गं? चारातला एक आहे की.

पूर्वा : पण सगळे सारखे कुठे आहेत?

बाई : शाब्बास! हेच हवं होतं मला. नुसते चार तुकडे केले म्हणून पाव पोळी होत नाही, चारही सारखे लागतात. आता हातांकडे बघा.

[जवळून : बाई दुसरी पोळी दुमडतात, पुन्हा दुमडतात, मग उलगडतात. पोळीवर घडीच्या दोन रेषा.]

बाई : एक घडी घातली, अर्धी. आणखी एक घातली, चतकोर. आजी म्हणते ना, ‘चतकोरच वाढ गं’, तीच ही.

[फळ्यावर : १/४]

बाई : खालचा ४ म्हणजे छेद. एका पोळीचे सारखे भाग किती केले, ते तो सांगतो. वरचा १ म्हणजे अंश, त्यातले आपण किती घेतले. आता खरी वाटणी. उरल्या पोळ्या तीन आणि तुम्ही चौघं. पुरतील?

रेहान : (फळ्यावर तीन गोल काढून चार-चार भाग पाडतो) तीन चोक बारा चतकोर. चौघांत वाटले की प्रत्येकाला तीन.

बाई : म्हणजे ३/४. पाऊण पोळी!

सई : बाई, एवढे तुकडे कशाला? दोन पोळ्या अर्ध्या-अर्ध्या करू. घडीच्या पोळीचे चतकोर करू. प्रत्येकाला एक अर्धी न्‌ एक चतकोर.

बाई : करून दाखव.

[जवळून : सई वाटणी करते. मग दोन चतकोर उचलून एका अर्ध्या पोळीवर ठेवते. कडेला कड लागते.]

ओंकार : अर्धीत दोन चतकोर बसले!

[फळ्यावर : १/२ = २/४, मग २/४ + १/४ = ३/४]

बाई : रेहानचीही पाऊण, सईचीही पाऊण. सई, मला ही रीत फार आवडली, तुकडे बाराऐवजी आठच झाले.

(कॅमेऱ्याकडे) आता व्हिडिओ थांबवा. १/४ पोळी मोठी की १/८? ८ चा आकडा मोठा दिसतो, म्हणून लगेच उत्तर देऊ नका. गोल कागद घ्या, तिसरी घडी घाला आणि बघा. दुसरं, पोळ्या पाच आणि मुलं चार असती तर एकेकाला किती?

[मुलं चटणीची वाटी पुढे ओढतात. पूर्वा सरावाच्या पोळीतला सगळ्यात मोठा तुकडा उचलते.]