पार्किंगची पावतीपुस्तकं

"साडेचारशे पाव सांग," साहिल म्हणाला. "उद्या शनिवार आहे. गेल्या वर्षीच्या शनिवारी नऊलाच कढई उपडी घातली होती आपण."

केतकीच्या कानाला फोन होता आणि पलीकडे बेकरीवाले मामा. पावाची ऑर्डर आदल्या दिवशी चारच्या आत द्यायची, नंतर कमी-जास्त नाही, हा त्यांचा नियम. तिने फोनवर हात ठेवला. "तो शनिवार आठव्या दिवशी आला होता. हा चौथ्या दिवशी येतोय."

"शनिवार तो शनिवार!"

"मामा, दहा मिनिटांत करते हं."

नारायण पेठेतल्या वाड्याच्या कमानीखाली चौघांचा वडापावचा स्टॉल. वर्ष दुसरं. २०२४ मध्ये गणपती ७ सप्टेंबरला, शनिवारी बसले होते. २०२५ मध्ये २७ ऑगस्टला, बुधवारी. तारखा जुळत नव्हत्या आणि वारही जुळत नव्हते. निनादने जुनी वही उघडली खरी, पण तिच्यात फक्त विक्री होती. आठव्या दिवशी २५०, नवव्या दिवशी २५०.

"दोन्ही दिवशी बरोब्बर अडीचशेच गिऱ्हाईक आलं होय?" ऋतुजा म्हणाली. "अरे, अडीचशेच वडे होते! पुढचे किती परत गेले ते कुठे लिहिलंय?"

ते लिहिलेलं सापडलं समोरच्या दुचाकी पार्किंगमध्ये. तिथले काका पावत्यांची अर्धुकं जपून ठेवतात, मालक कधीही हिशेब मागतो म्हणून. रोजच्या पहिल्या पावतीवर तारीख, पुढे क्रमांक सलग. दोन वडापावांच्या बोलीवर त्यांनी गेल्या वर्षीची पुस्तकं काढून दिली. केतकीने फक्त पहिले-शेवटचे क्रमांक उतरवले आणि वजाबाक्या केल्या.

ज्या दिवशी वडे उरले होते, तेच दिवस तिने आधी घेतले. सोमवारी ४०० गाड्या, १६० वडे. मंगळवारी ४५० गाड्या, १८० वडे. म्हणजे दहा गाड्यांमागे चार वडे. आता नववा दिवस, रविवार: गाड्या ११००.

"चारशे चाळीस," निनाद म्हणाला. "आणि आपण अडीचशे करून खूश होतो, सगळे खपले म्हणून."

"मग मी काय वेगळं सांगतोय? साडेचारशेच!" साहिल.

"अरे, गौरी कुठे गेल्यात अजून? माझी आई गौरी उठल्याशिवाय घराबाहेर पाय टाकत नाही, आणि तिच्याशिवाय बाबा देखावे बघायला निघत नाहीत," ऋतुजा म्हणाली. "निम्म्या मंडळांचे देखावे तरी कुठे पुरे झालेत."

गणपती बसल्याचा दिवस सोडला, तर गौरींआधीचा सुट्टीचा दिवस गेल्या वर्षी एकच सापडला. दुसरा दिवस, रविवार, ६०० गाड्या. म्हणजे २४० वडे. केतकीने २६० पाव सांगितले. साहिल "बघा हं" म्हणून गॅसची टाकी आणायला निघून गेला.

बटाट्याचं तिने वेगळं ठरवलं. किलोला साधारण वीस वडे, म्हणजे तेरा किलो, पण उकडायचे नऊच. उकडलेली भाजी दुसऱ्या दिवशी आंबते, कच्चा बटाटा कुठे पळून जात नाही. गर्दी दिसली की कुकर लावायचा.

शनिवारी आठला पाऊस कोसळला. गाड्या ५४० वरच थांबल्या, पण भिजलेली माणसं कमानीखाली शिरली आणि समोर गरम कढई. वडे गेले २५१. दहा गाड्यांमागे चार वड्यांचा हिशेब मोडला होता, पण बरकतीच्या बाजूला. उरलेले नऊ पाव चौघांनी चटणीशी संपवले. साहिलने त्यातले चार खाल्ले आणि अवाक्षर काढलं नाही.

मंगळवारी गौरी उठल्या. गौरींनंतरच्या साध्या वारांना गेल्या वर्षी सातशे-साडेसातशे गाड्या होत्या, म्हणून बुधवारी ३०० पाव घेतले. गाड्या आल्या ७९०. राखीव बटाट्यांनी वडे निभावले, पाव मात्र साडेदहाला संपले. मग नुसता वडा, कांदा आणि मिरची, दोन रुपये कमी. लोकांनी तेही घेतलं. निनादने मात्र वहीत विक्रीच्या शेजारी नवा रकाना आखला, 'संपल्याची वेळ', आणि त्याखाली 'पाव नाही म्हणून परत गेले' असं लिहून काड्या ओढल्या. बारा वाजता काड्या सतरा झाल्या. गुरुवारची ऑर्डर ३४० ची गेली, आणि ती साहिलने स्वतः दिली.

शुक्रवारी दुपारी त्यानेच विचारलं, "उद्याचं काय? अनंत चतुर्दशी आहे, गर्दी तर तुफान असणार."

केतकीने काकांचं पुस्तक उलटून बघितलं. १७ सप्टेंबरला एकही पावती नव्हती. मिरवणुकीमुळे रस्ते बंद, पार्किंगही बंद.

"मामांचा टेम्पो तरी येईल का आत?" ऋतुजाने विचारलं.

"नाही म्हणालेत," केतकी म्हणाली. "आणि मला पथकात ढोल आहे."

"मग कढई घासून ठेवू," साहिल म्हणाला आणि राखेचा डबा शोधायला लागला.